साखर नॉर्मल असताना मेटफॉर्मिन कशासाठी?

"डॉक्टर, माझी साखर तर नॉर्मल आहे. मग पाळीसाठी डायबेटिसची गोळी कशाला?"

साखर नॉर्मल दिसते, कारण ती तशी ठेवण्यासाठी तुमचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करत असते. पाळी अनियमित करणाऱ्या पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारात पुष्कळ जणींचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. अंडाशय मात्र त्या वाढलेल्या इन्सुलिनला दाद देतच राहते आणि टेस्टोस्टेरॉन अधिक बनवू लागते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिनही यकृत कमी बनवते. या वातावरणात बीजपुटिका अर्धवट वाढून थांबतात, स्त्रीबीज सुटत नाही आणि पाळी लांबते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या ज्या 'गाठीं'ना तुम्ही घाबरता, त्या याच थांबलेल्या पुटिका असतात.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणीची पाळी अडीच-तीन महिन्यांनी येत असे. वजन ७६ किलो, उपाशीपोटीची साखर ९२, पण मानेवर मखमलीसारखा काळपट पट्टा होता. तो मळ समजून ती घासत असे. वास्तविक ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण होती. तिला रात्रीच्या जेवणानंतर ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन सुरू केले आणि दर आठवड्याला एकेक गोळी वाढवत १५०० पर्यंत नेले. एकदम पूर्ण डोस दिला की मळमळ आणि जुलाब होतात, आणि औषध सुटते ते बहुतेक तिथेच. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, त्यामुळे इन्सुलिनची गरज घटते. त्याने वजन फारसे उतरत नाही. तिचे ४ किलो उतरले ते मुख्यतः आहार आणि रोजच्या व्यायामामुळे. मात्र वजन ५ टक्क्यांच्या आसपास घटले तरी पुष्कळ जणींचे स्त्रीबीज पुन्हा सुटू लागते. सातव्या महिन्यापासून तिची पाळी ३५ ते ३८ दिवसांनी येऊ लागली, आणि पाळीच्या अंदाजे आठवडाभर आधी तपासलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावरून स्त्रीबीज सुटल्याचेही दिसले.

सर्वांनाच असा गुण येत नाही. बारीक मुलींमध्येही इन्सुलिनचा हा दोष असू शकतो, आणि त्यांना वजन उतरवायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. मूल हवे असेल तर स्त्रीबीज सुटण्यासाठी लेट्रोझोल सहसा अधिक उपयोगी पडते. मेटफॉर्मिन देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास बी१२ कमी होऊ शकते. पाळी ९० दिवसांहून अधिक लांबत राहिली तर गर्भाशयाचे अस्तर जाड होण्याचा धोका असतो, म्हणून गोळीचा परिणाम होईल अशी वाट पाहत बसू नये. तेव्हा प्रोजेस्टेरॉन देऊन पाळी आणावी लागते.

एक गोष्ट मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत सांगते: स्त्रीबीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर येते, म्हणून मूल नको असेल तर पाळी नियमित होण्यापूर्वीच गर्भनिरोधक सुरू करावे.