आण्णांचा चष्मा

मंगळवार, रात्री उशिरा

बाळ आत्ता कुठं झोपलंय. तिसऱ्या खोलीतून आण्णांचा आवाज येतोय, पेपर मोठ्यानं वाचतायत. गेली कित्येक वर्षं पेपर आई वाचायची आणि आण्णा ऐकायचे. आज उलटं चाललंय, आणि आईला झोप येत असली तरी ऐकावं लागतंय.

आण्णा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीत असताना डोळ्यांची तपासणी व्हायची, त्यात ते दर वेळी पास. आपली नजर चांगली याचा त्यांना भारी अभिमान. खंबाटकी घाटात धुकं असलं तरी समोरचा ट्रक आपल्याला आधी दिसायचा, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. अजूनही गोडोलीच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याकडं बघून सांगतात, कुणीतरी चढतंय म्हणून. त्यामुळं चष्मा हा शब्द काढला की एकच उत्तर: "मला काय धाड भरलीया?"

त्यांचं खोटंही नव्हतं. लांबचं खरंच दिसत होतं. जवळचं दिसत नव्हतं, पण जवळचं बघायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती. सही सवयीनं व्हायची. औषधाची पट्टी आई बघायची. पेपरचे मथळे उन्हात, हात लांब करून. (उन्हात बाहुली बारीक होते, त्यामुळं थोडं जास्त स्पष्ट दिसतं. त्यांना वाटायचं ऊन डोळ्याला मानवतं.)

मी बाळंतपणाला आले आणि हे सगळं उघडं पडलं. बारशाला आण्णांनी नातीला मांडीवर घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं तिच्या गालाची तीट पुसायला लागले. त्यांना वाटलं काहीतरी लागलंय. आई हसली, मीही हसले. पण मागच्या आठवड्यात ड्रॉपरचा प्रकार झाला तेव्हा कुणी हसलं नाही. बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायचे असतात. आमच्या बाटलीच्या ड्रॉपरवर दोन रेघा आहेत आणि डॉक्टरांनी खालची, म्हणजे अर्ध्या मिलीची सांगितलीय. आण्णांनी हौसेनं ड्रॉपर भरला तो वरच्या रेघेपर्यंत. आईनं वेळेत हात धरला. आण्णा म्हणाले, उजेड कमी आहे. दुपारचे बारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, दाखवून येऊ." मी बाळाला आईकडं ठेवून त्यांच्याबरोबर गेले.

आधी लांबचा तक्ता. शेवटची ओळ सोडून सगळं धडाधड वाचलं आणि माझ्याकडं बघून मिशीत हसले. डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवून डोळे तपासले, डोळ्यांतला दाब बघितला. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण ऑपरेशनची आत्ता गरज नाही, असं म्हणाले. हे बघणं महत्त्वाचं होतं, कारण या वयात दिसत नाही म्हणून नुसता तयार चष्मा आणून लावला तर आत दुसरं काही चाललेलं असेल ते तसंच राहतं.

मग हातात जवळचं कार्ड दिलं. आण्णांनी ते लांब धरलं, आणखी लांब धरलं, हात संपला. एक अक्षर नाही. खोलीत जरा शांतता झाली. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ताई सावकाश म्हणाल्या, "आजोबा, लांबचं बघायला डोळ्यातल्या भिंगाला काही करावं लागत नाही. जवळचं बघताना ते फुगावं लागतं. चाळिशीपासून ते ताठ व्हायला लागतं. तुमचं आता अजिबात फुगत नाही, एवढंच." आण्णांनी विचारलं, चष्मा लावला की नंबर वाढत जाईल का? "वाढायचा तेवढा वाढून झालाय," ताई म्हणाल्या.

तपासायच्या जड फ्रेममध्ये काचा घालून बघितल्या. तीनच्या काचेनं अक्षरं मोठी दिसली, तर आण्णा म्हणाले हीच द्या. ताईंनी उलट विचारलं, "जवळून नेमकं काय बघायचंय?"

"नात बघायचीय."

"कशी धरता तिला?"

आण्णांनी हवेतच मांडी घालून, हात पुढं करून दाखवलं. ताईंनी टेप लावून डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजलं. चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. मग त्यांनी हिशेब सांगितला तो मला आवडला. शंभराला नंबरानं भागायचं. तीनचा नंबर असेल तर तेहतीस सेंटिमीटरवर सगळ्यात स्पष्ट, अडीचचा असेल तर चाळीसवर. त्याच्या थोडं अलीकडं-पलीकडं चालतं. तीनचा घेतला असता तर अक्षरं मोठी दिसली असती, पण मांडीवरची नात पुसट झाली असती. अडीचचा ठरला.

आज संध्याकाळी चष्मा घेऊन आले. दारातच उभं राहून लावला आणि किल्ल्याकडं बघितलं. "आयला, किल्लाच गेला की! फसवलं आपल्याला." उंबऱ्यावर पाय टाकताना अडखळले ते वेगळंच. ताईंनी बजावलं होतं, की हा बसून जवळचं बघायचा चष्मा आहे, लावून चालायचं नाही. पण ते ऐकतील तर आण्णा कसले.

त्यांना जबरदस्तीनं भिंतीला टेकून बसवलं आणि बाळ मांडीवर ठेवलं.

किती वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हिला पापण्या हायत."

आई म्हणाली, "मग काय नसणार?"

"न्हाई, मला दिसल्या न्हवत्या."

त्यानंतर त्यांची तपासणी सुरू झाली. वरच्या ओठावर मधोमध दूध ओढून आलेला फोड. कानावरची लव. नाकावरचे पांढरे बारीक ठिपके. गालावर ओरखडा दिसल्यावर माझ्याकडं बघितलं, जणू मीच मारला. तिची नखं तिलाच लागतात, हे सांगावं लागलं. मग डाव्या पापणीवरचा लालसर डाग दिसला आणि ते घाबरलेच. तो जन्मापासून आहे, डॉक्टरांनी बघितलाय, वर्षभरात फिका होईल म्हणालेत, असं तीनदा सांगितलं. "मला कुणी बोललं न्हाई," म्हणाले. बोललो होतो. पण न दिसणाऱ्या डागाबद्दल काय ऐकणार माणूस.

गंमत पुढं झाली. तिनं आपल्याकडं बघावं म्हणून ते वाकले. या वयाच्या बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आण्णा तेवढे जवळ गेले की ती टक लावून बघायची, पण त्यांना ती पुसट. मागं झाले की त्यांना ती स्पष्ट, पण ती पंख्याकडं बघायला लागायची. दहा मिनिटं ते पुढं-मागं होत होते. शेवटी तिला उचकी लागली आणि आईनं काढून घेतलं.

आता ती खोलीच्या पलीकडं असली की चष्म्यातून ढगच दिसतो. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघतात आणि हाक मारतात, "आण हिकडं."

पेपर संपलेला दिसतोय. आता तिचं लसीचं कार्ड वाचतायत. दीड महिन्याचं इंजेक्शन शुक्रवारी आहे म्हणे, आणि रिक्षा आत्तापासून सांगून ठेवायची का, असं विचारतायत.