एकाच रिपोर्टचे तीन अर्थ

त्या घरात रिपोर्टवरून दोन तट पडले होते. मुलाच्या मते आईचा स्तनाचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला होता, कारण 'ग्रेड ३' असं छापलेलं होतं. मामा म्हणत होते की कॅन्सरच नाही, कारण खाली 'बिनाइन' असा शब्द होता. शेजारच्या कुणीतरी 'मार्जिन १ मिमी' वाचून, गाठ पूर्ण निघाली नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं सांगून ठेवलं होतं. सर्जनची वेळ दोन दिवसांनंतरची. मुलगा थेट आमच्या लॅबमध्ये आला. रिपोर्टखाली माझी सही होती.

पॅथॉलॉजिस्टकडे पेशंट सहसा येत नाहीत, आम्ही काचेच्या पट्ट्यांमागे असतो. पण त्याचा चेहरा पाहून मी त्याला मायक्रोस्कोपपाशीच बसवलं.

आधी 'बिनाइन'. हा शब्द गाठीबद्दल लिहिलेलाच नव्हता. गाठ काढताना सर्जन भोवतीचा थोडा चांगला भागही काढतात आणि आम्ही तोही तपासतो. 'लगतच्या स्तनात बिनाइन फायब्रोसिस्टिक बदल' असं त्या ओळीत होतं. असे निरुपद्रवी बदल कितीतरी बायकांत आढळतात. निदानाची ओळ वर होती, 'इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा', आणि तो कॅन्सरच. मामांची आशा मोडताना मला वाईट वाटलं, पण ते स्पष्ट सांगणं भाग होतं. रिपोर्टमधला कुठलाही शब्द वाचताना तो कोणत्या मथळ्याखाली आहे, हे आधी बघायचं.

मग ग्रेड. मी स्लाइड लावली. निरोगी स्तनातल्या पेशी व्यवस्थित नळ्या करून बसलेल्या असतात. इथे नळ्या जवळपास नव्हत्याच, त्याचे ३ गुण. पेशींची केंद्रकं मध्यम बेढब, त्याचे २. विभागत असलेल्या पेशी ठिकठिकाणी दिसत होत्या, त्याचे ३. एकूण ८. तीन ते पाच गुण म्हणजे ग्रेड १, सहा-सात म्हणजे २, आठ-नऊ म्हणजे ३. पेशी मूळ रूपापासून किती दूर गेल्यात आणि किती वेगाने वाढताहेत, एवढंच ग्रेड सांगतो. कॅन्सर शरीरात कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते, आणि ती वेगळ्या गोष्टींवरून ठरते.

त्या गोष्टीही त्याच पानावर होत्या, फक्त आकर्षक अक्षरांत नव्हत्या: गाठ १.८ सेंमी, म्हणजे दोनच्या आत. काखेतल्या तपासलेल्या तिन्ही सेंटिनेल लसिकाग्रंथींत, म्हणजे कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो त्या ग्रंथींत, कॅन्सर नाही. इतरत्र पसरल्याची काही खूण नसेल, तर आकार आणि काखेच्या हिशेबाने ही पहिली स्टेज. "मग चांगलंच की, मॅडम," तो म्हणाला. तेवढंही नव्हतं. ग्रेड ३ची पेशी चपळ असते, त्यामुळे लहान गाठ असूनही केमो द्यायची का याचा विचार होतो. त्यासाठी ईआर, पीआर आणि हर-टू या, गाठीवर कोणती औषधं चालतील ते सांगणाऱ्या चाचण्यांचे निकाल हवे असतात. ते अजून यायचे होते.

मार्जिनवर, म्हणजे कापलेल्या कडेपासून कॅन्सरपर्यंतच्या अंतरावर, मात्र आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. सर्जनने तुकडा पाठवताना त्यावर दोरे बांधले होते, आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा काखेकडे. त्यावरून दिशा कळतात. मग आम्ही प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची शाई लावतो आणि पातळ काप करतो. ती शाई प्रक्रियेत टिकते आणि मायक्रोस्कोपखाली कडेला रेघेसारखी दिसते. मी मागच्या बाजूची काळी रेघ त्याला दाखवली. तिच्यापासून कॅन्सरच्या पेशींपर्यंत मधे चरबीचा पट्टा होता. तो १ मिलिमीटर. इन्व्हेजिव्ह कॅन्सरमध्ये शाईवर पेशी नसतील तर मार्जिन मोकळं मानतात, आणि तसं २०१४च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनेतही आहे. निव्वळ डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळ्यांच्या बाहेर न पडलेला कॅन्सर, असता तर २ मिमी अपेक्षित असतात, म्हणून एका प्रकाराचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. आणि इथे मागे स्नायूचं आवरणच होतं, त्या बाजूला आणखी कापायला स्तनाचा भाग उरलाच नव्हता.

"शाईवर लागलं असतं तर?" त्याने विचारलं. तर सर्जन बहुतेक पुन्हा थोडा भाग काढतात, असं मी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

सर्जनला विचारायचे तीन प्रश्न आम्ही मिळून लिहिले: हर-टूचा निकाल कधी, केमोचा निर्णय कोण घेणार, आणि स्तन वाचवून ऑपरेशन झालंय तर रेडिएशन कधी सुरू होईल. निघताना त्याने मामांना फोन लावला आणि निदानाची ओळ वाचून दाखवायला सुरुवात केली, या वेळी वरून.