टब २ किलो २००, स्कूप फक्त २८

सोलापुरातला मे महिना. आइस्क्रीमचा धंदा जोरात चाललेला, पण गल्ल्यात त्या मानाने पैसे दिसेनात. ४ लिटरचा टब मला ७२० रुपयांना पडतो. आतला माल २ किलो २०० ग्रॅम भरतो. ६० ग्रॅमचा स्कूप धरला तर ३६ निघायला हवेत, खरवडण्यातली घट सोडून ३४. म्हणजे स्कूपमागे साधारण २१ रुपये. प्रत्यक्षात निघत होते २८, म्हणजे जवळजवळ २६ रुपये. कोन आणि टिश्यू वेगळे.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोरं खातात बघा."

मला पटेना. काट्यावर कप ठेवला आणि पोराला नेहमीसारखाच स्कूप काढायला सांगितलं. सकाळी ११ वाजता ६१ ग्रॅम, दुपारी ४ वाजता ७६. हात तोच, चमचा तोच. आइस्क्रीम कडक असलं की त्याची सालपट निघत गोळा होतो आणि आतली हवा टिकते. मऊ झालं की ते चमच्यात दाबलं जातं, हवा निघून जाते आणि तेवढ्याच गोळ्यात जास्त माल बसतो. गिऱ्हाइकाला फरक कळतसुद्धा नाही.

कॅबिनेटचा डिस्प्ले मात्र उणे १४ दाखवत होता, स्कूपिंगला अगदी योग्य. टोचायचा थर्मामीटर टबाच्या वरच्या थरात खुपसला तर उणे ९! डिस्प्लेचा सेन्सर खाली, गार हवेच्या वाटेवर असतो. काचेखालच्या मालाची त्याला खबर नसते.

मागची जाळी उघडली आणि कारण सापडलं. शेजारी पिठाची गिरणी. कंडेन्सरच्या पात्यांवर पिठाचा थर इतका घट्ट बसला होता की बोटाने सोलून काढावा लागला. उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यात ४ नंतरचं पश्चिमेचं ऊन थेट काचेवर आणि टब भरणरेषेच्या वर रचलेले, म्हणजे गार हवेच्या पट्ट्याबाहेर.

ब्रश आणि ब्लोअरने पाती साफ केली, बाहेर ताडपत्री लावली, टब खाली उतरवले. दुपारी वरचा थर उणे १३ वर आला आणि टबाला ३३ स्कूप निघू लागले. कॅबिनेट उणे १८ वर ठेवायचा मोह मी टाळला. ते तापमान मागच्या डीप फ्रीजरचं. तेवढ्या कडक मालाला पोरांची मनगटं दुखतात आणि स्कूप तुकड्यांनी निघतो.

सीताफळाचं गणित मात्र तरी जुळेना. तो टब आठवडाभर चालतो. दुपारी मऊ, रात्री पुन्हा कडक, असं होत वरचा थर बर्फाळ होतो आणि कचकच लागतो. तो काढून टाकावाच लागतो. शेवटी सीताफळ १ लिटरच्या पॅकमध्ये घ्यायला लागलो. लिटरमागे २५ रुपये जास्त जातात, पण फेकावं लागत नाही.