लाईट चालू आहे ना, मग तक्रार कसली?

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी म्हटलं तर डोकंच फिरतं. लाईट गेली तर वीज कंपनीवाले तक्रार घेतात. मीटर जळून काळं पडलं तर घेतात. पण मीटर जळायच्या मार्गावर आहे, वास यायलाय, आवाज यायलाय, असं सांगितलं की समोरच्याच्या कॉम्प्युटरमधे त्याच्यासाठी रकानाच नसतो.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, तीन मजली जुनी बिल्डिंग, जिन्याखाली तिघांचे मीटर आणि प्रत्येकाचा मेन स्विच, तो जुना लोखंडी खटक्याचा, आत किटकॅट फ्यूज असलेला. सोलापूरकरांना पाण्याचं सांगायला नको, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं आणि त्या दिवशी पहाटे मोटार, गिझर, वॉशिंग मशीन सगळं एकदमच सुरू होतं. तर हा आवाज फक्त पाण्याच्या दिवशीच यायचा. जिन्याखालून बारीक चर्रर्र, मधेच थांबायचा, परत सुरू. आणि वास, प्लास्टिक जळल्यासारखा पण थोडा माशासारखा सुद्धा. बायको म्हणाली कुणीतरी बोंबील भाजायलेत. मिस्त्रीने नंतर सांगितलं की स्विचचं बेकेलाईट आणि तसलं कडक प्लास्टिक तापलं की असा माशासारखा वास येतो, तर ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत आणि वास येतोय त्यांनी आधी बोर्ड बघा.

एमसीबी का पडली नाही हे मला सगळ्यांनी विचारलं. दोष होता तो ढिल्या स्क्रूचा, आणि त्याने ती पडणारच नाही. एमसीबी जास्त करंट गेला की पडते, आणि लूज स्क्रूतून करंट तेवढाच जातो, उलट जरासा कमीच. घरातली ईएलसीबी पण गप्प राहते कारण करंट जमिनीत कुठे जात नाहीये. स्क्रू ढिला झाला की तार आणि पितळ नीट टेकत नाही, तेवढ्याच जागी गरम होतं, गरम झालं की धातू फुगतो, गार झाला की आकसतो, दरवेळी पकड अजून सुटत जाते. आणि मीटरपर्यंत बहुतेक ॲल्युमिनियमची तार असते, ती दाबाखाली हळूहळू पसरते आणि तिच्यावर ऑक्साईडचा थर येतो ज्यातून करंट नीट जात नाही. म्हणजे पहिल्या दिवशी कितीही टाईट केलं तरी काही वर्षांनी ढिलं होऊ शकतं.

आमच्या मिस्त्रीने गिझर आणि मोटार चालू ठेवायला लावून मेन स्विचवर मल्टिमीटर लावला. (हे आपण करायचं नाही, चालू लाईटवर उघड्या स्विचमधे हात घालण्याचं काम आहे.) क्लॅम्प मीटरवर करंट १४ अँपिअर. मग त्याने स्विचच्या एका बाजूला तार आत येते तिथे एक टोक आणि बाहेर जाते तिथे दुसरं टोक लावलं. चांगल्या जोडावर इथे जवळपास शून्य दिसायला पाहिजे. फेजच्या बाजूला फ्यूज धरून सुद्धा नगण्य होतं, न्यूट्रलच्या बाजूला १.८ व्होल्ट. म्हणजे १४ गुणिले १.८, साधारण २५ वॅट, सोल्डरिंगची पेटती इस्त्री त्या एका स्क्रूवर ठेवल्यासारखं. बंद करून उघडलं तर न्यूट्रल लिंकचा स्क्रू निळसर पडलेला, तारेचं इन्शुलेशन बोटभर कडक होऊन तडकलेलं. त्याने जळका भाग कापला, तार नवीन सोलून टोकावर धातूची टोपी, म्हणजे थिंबल, दाबून बसवलं, लिंक बदलली. आवाज बंद. इथपर्यंतचं काम एका सकाळी झालं.

पण पुढच्या पाण्याच्या दिवशी वास परत आला.

आता खरी कथा. मेन स्विच थंड होता, मीटरची पेटी कोमट. पारदर्शक झाकणातून बघितलं तर मीटरच्या खालच्या टर्मिनल कव्हरवर एका कोपऱ्यात तपकिरी डाग. ते कव्हर सीलबंद असतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मी याला हात लावणार नाय, सील तुटलं तर चोरीची केस तुमच्यावर." बरोबरच होतं त्याचं, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मधे मीटरशी छेडछाड येते.

फोनवर तक्रार केली. पहिला प्रश्न, लाईट आहे का? आहे. मग काय अडचण? वास येतोय. मीटर जळालंय का? अजून नाही. तक्रार "व्होल्टेज" मधे टाकली त्यांनी, आणि संध्याकाळी मेसेज, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कोण आलं, काय बघितलं, काही नाही. परत केली. यावेळी वायरमन आला खरा पण भर दुपारी, घरात फक्त एक पंखा चालू, पेटीला हात लावला, थंड. टेस्टर लावला, पेटला. "सप्लाय ओके आहे की." आणि गेला. इथे एक गोष्ट लिहून ठेवा: हा फॉल्ट लोड असतानाच दिसतो. वायरमन येणार म्हटलं की अर्धा तास आधी गिझर, मोटार, एसी जे असेल ते चालू करून ठेवा, नाहीतर त्याला काही सापडणार नाही आणि तुम्ही वेडे ठरणार.

मग ऑफिसला गेलो. खिडकीवरच्याने बिल बघितलं आणि लगेच, मंजूर भार कमी आहे तुमचा, लोड वाढवून घ्या. मी म्हटलं घेतो, पण त्याने स्क्रू टाईट होतो का? तर म्हणे प्रोसिजर तीच आहे. भार वाढवायचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी, आणि त्या खिडकीवरचा माणूस जेवायला. दुसरा म्हणाला मीटर फॉल्टीचा अर्ज द्या, मीटर टेस्टिंगला जाईल, फी भरा. अहो मीटर बरोबरच फिरतंय, रीडिंगबद्दल माझं काही म्हणणंच नाही! तिसऱ्याने तर आवाज बारीक करून सांगितलं, "तुमच्या मिस्त्रीकडनं टाईट करून घ्या की, आम्ही काय बोलणार नाय." हे अजिबात ऐकू नका. बोलणारा तोंडी बोलतो आणि सील तुटलेलं मीटर कागदावर येतं. मी त्याला म्हटलं हेच मला लिहून द्या, तर तो फाईल चाळायला लागला.

मधल्या काळात आम्ही गिझर आणि मोटार एकत्र लावणं बंद केलं. करंट अर्धा केला की त्या जागची उष्णता पाव होते, त्यामुळे हा उपाय वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, पण उपाय नव्हे, फक्त वेळ काढणं. आणि हो, वास येत असताना भीतीने एकदम मेन स्विच खाली ओढू नका, आधी घरातली मोठी यंत्रं बंद करा आणि मग मेन, नाहीतर पूर्ण लोडवर तापलेला खटका उघडताना ठिणगी पडते. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर पेटीजवळ जायचंच नाही, पाणी मारायचं नाही, लोकांना बाहेर काढून १०१ ला फोन आणि १९१२ वर सांगून पोलवरून लाईट तोडायला लावायची.

शेवटी काम झालं ते मिस्त्रीच्या डोक्यामुळे. तो म्हणाला, "सील न तोडता दाखवून देऊ." आमची आणि खालच्या काकांची तार पोलवरून येणाऱ्या एकाच सर्व्हिस वायरवरून येते. लोड नसताना दोघांच्या मेन स्विचवर २३३ व्होल्ट. मग आमच्याकडे १४ अँपिअर चालवले आणि काकांकडे फक्त पंखा. काकांचं २३२, आमचं २२९. एक व्होल्ट दोघांचाही पडला तो वरच्या सामाईक तारेतला. उरलेले तीन फक्त आमचे, आणि मीटरपासून मेन स्विचपर्यंत तार जेमतेम दोन फूट, तिच्यात एवढे पडत नाहीत. म्हणजे तीन व्होल्ट मीटरच्या टर्मिनलपाशीच जात होते, ४० वॅटच्या वर.

हे सगळं एका कागदावर लिहिलं, रीडिंग, वेळ, डागाचा फोटो, आणि "टर्मिनल कव्हर सीलबंद असल्याने आम्ही दुरुस्ती करू शकत नाही, आगीचा धोका आहे" हे वाक्य. दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर. शिक्का मारताना त्या बाईंनी पहिल्यांदा नीट वाचलं आणि स्वतः उठून आतल्या साहेबांकडे नेलं. खिडकीवर इतकं बोलून जे झालं नाही ते त्या शिक्क्याने झालं.

वायरमन आला तो दुसराच, वयस्कर, शहाणा माणूस. पोलवरून लाईट काढली, सील तोडलं, कव्हर काढलं. प्रत्येक टर्मिनलला दोन स्क्रू असतात, आमच्या बाहेर जाणाऱ्या फेजचा एकच आवळलेला, दुसरा नुसता बसवलेला. तारेचे पदर चपटे होऊन काळे. "बसवणाऱ्यानं घाई केली," एवढंच बोलला. मीटरचा ब्लॉक वाचला होता म्हणून मीटर बदलायची वेळ आली नाही. चकचकीत धातू दिसेपर्यंत तार मागे कापली, पिन थिंबल लावलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि तार ओढून बघितली. मी विचारलं टोकाला सोल्डर लावू का म्हणजे पक्कं होईल, तर नको म्हणाला, सोल्डर मऊ असतं, स्क्रूखाली दबून परत ढिलं होतं.

नवीन सील लावल्यावर त्याचा नंबर रिपोर्टवर लिहून घ्या आणि फोटो काढा. जुन्या सीलचा पण. मी दोन्ही घेतले, वायरमनला राग नाही आला, उलट म्हणाला असंच करावं. त्यानंतर मिस्त्रीने जुना लोखंडी स्विच काढून डबल पोल एमसीबी बसवली आणि पंधरवड्याने येऊन आमच्या बाजूचे स्क्रू लाईट बंद करून परत आवळले, थोडेसे फिरले सुद्धा. खालच्या काकांच्या स्विचची न्यूट्रल लिंक पण निळी पडायला लागलेली निघाली, त्यांना वास कधी आलाच नव्हता कारण त्यांच्याकडे गिझर गॅसचा आहे.