शेवटच्या बसची खबर पोचायला किती फेऱ्या?

«लोड फ्लोमध्ये, म्हणजे वीज नेटवर्कच्या प्रत्येक बसचा, प्रत्येक जोडबिंदूचा व्होल्टेज काढताना, गॉस-सायडलमध्ये एका वेळी एका बसचं एक साधं समीकरण असतं, उलट न्यूटन-रॅफसन किंवा झेडबसमध्ये अख्खी मॅट्रिक्स सोडवावी लागते. मग मोठ्या नेटवर्कवर तेच लवकर का सुटतं?»

कारण गॉस-सायडलमधल्या बसला फक्त शेजारी ठाऊक असतात. लांबच्या बसवर लोड आहे ही खबर तिच्यापर्यंत एका फेरीत एक घर अशी सरकत येते. मॅट्रिक्स सोडवली की ती खबर सगळ्यांना एकदम मिळते. एवढ्या एका वाक्याने समाधान होत नाही हे माहीत आहे, म्हणून आकडे मांडूनच बघू.

एक सरळ फीडर घ्या. सुरुवातीला स्लॅक बस, म्हणजे व्होल्टेज ठरलेला असलेली आणि लागेल ती पॉवर पुरवणारी बस, तिचा व्होल्टेज १.० पर युनिट, आणि पुढे ओळीने चार बस. प्रत्येक तुकड्याचा रोध r = ०.०२, प्रत्येक बसवर लोड P = ०.५. रिअॅक्टन्स मुद्दामच सोडून दिला आहे, म्हणजे सगळे आकडे वास्तव राहतात आणि कागदावर हिशोब जमतो. खऱ्या लोड फ्लोमध्ये हेच गणित संमिश्र संख्यांनी होतं, पण खोड तीच. मधल्या बसचं समीकरण असं:

```
V[k] = (V[k-1] + V[k+1])/2 - r*P/(2*V[k])
```

म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी, वजा स्वतःच्या लोडपुरती घट. शेवटच्या बसला एकच शेजारी असल्यामुळे तिथे `V[4] = V[3] - r*P/V[4]`. सगळीकडे १.० धरून सुरुवात करा आणि स्लॅककडून टोकाकडे जा. पहिल्या फेरीत ०.९९५०, ०.९९२५, ०.९९१३ आणि ०.९८१३ मिळतात. टोकाची बस दुसऱ्या फेरीत ०.९६८५ वर येते, तिसऱ्या फेरीत ०.९५८० वर. खरं उत्तर आहे ०.८८९६. दहा फेऱ्यांनंतरही आकडा ०.९१५ च्या आसपासच रेंगाळतो, आणि पाचव्या दशांश स्थळापर्यंत यायला पासष्टएक फेऱ्या लागतात. चार बसच्या फीडरला!

घोडं कुठे पेंड खातं ते पहिल्या बसवर नजर ठेवली की दिसतं. पहिल्या फेरीत तिला फक्त स्वतःचं लोड दिसलं. दुसऱ्या बसचा खाली गेलेला व्होल्टेज तिला दुसऱ्या फेरीत कळला, तिसऱ्या बसचा त्याच्या पुढच्या फेरीत, आणि तोही दर वेळी निम्मा होऊन, कारण समीकरणात सरासरी आहे. तिसऱ्या फेरीनंतर स्लॅकमधून निघणारा प्रवाह काढा: (१ − ०.९८८१) भागिले ०.०२, म्हणजे साधारण ०.६. फीडरवर लोड आहे २.०. बाकीचं लोड अजून स्लॅकपर्यंत पोचलेलंच नाही.

आता वायबस, म्हणजे नेटवर्कचे ॲडमिटन्स मांडलेल्या मॅट्रिक्समधली टोकाच्या बसची ओळ बघा: ०, ०, −५०, ५०. पहिल्या दोन बसपुढे शून्य, म्हणजे त्यांच्याशी हिची ओळखच नाही. त्याच मॅट्रिक्सचा व्यस्त काढला की झेडबस मिळते, आणि तिच्यात त्याच बसची ओळ येते ०.०२, ०.०४, ०.०६, ०.०८. कोणत्याही बसने एक एकक प्रवाह ओढला तर टोकाला किती घट येईल, ते या ओळीत थेट लिहिलेलं आहे. प्रत्येक लोडचा प्रवाह सुरुवातीला ०.५ धरला तर टोकाची घट ०.५ × (०.०२ + ०.०४ + ०.०६ + ०.०८) = ०.१०, आणि पहिल्याच फेरीत व्होल्टेज ०.९०००. गॉस-सायडलला इथवर यायला सोळा-सतरा फेऱ्या लागतात. त्या नव्या व्होल्टेजने प्रवाह पुन्हा काढा (लोड वॅटमध्ये ठरलेलं आहे, म्हणून व्होल्टेज घटला की प्रवाह वाढतो) आणि पुन्हा गुणा: ०.८९०७, मग ०.८८९७, मग ०.८८९६. चूक दर फेरीला साधारण दहा पटीने कमी होते.

गॉस-सायडलमध्ये दोन अडचणी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. एक नेटवर्कची: कोण कुणापासून किती लांब. दुसरी लोडची: प्रवाह व्होल्टेजवर अवलंबून. पहिली अडचण पूर्णपणे रेषीय आहे, ती मॅट्रिक्सने एका झटक्यात सुटते. मग फेऱ्या उरतात त्या फक्त दुसरीसाठी, आणि ती नेटवर्क किती मोठं आहे यावर फारशी अवलंबून नसते. फीडर किती जड लोड झालाय, यावर असते.

रेषीय भागाचा वेग अशा सरळ साखळीसाठी नेमका काढता येतो. n बस असतील तर गॉस-सायडलमध्ये चूक दर फेरीला cos²(π/2n) या गुणकाने कमी होते. पाच बसना एक दशांश स्थळ मिळवायला सुमारे २३ फेऱ्या लागतात, दहा बसना ९३, वीस बसना ३७३. लांबी दुप्पट झाली की फेऱ्या चौपट. शंभर बसना एका दशांश स्थळासाठी ९,३०० च्या वर. शिवाय फेरीसुद्धा लांब होते, ते वेगळंच. जाळीदार नेटवर्कमध्ये वाटा जवळच्या असल्यामुळे इतकी वाईट परिस्थिती नसते, पण रोख तोच.

यावर जुना उपाय म्हणजे ॲक्सिलरेशन फॅक्टर. नव्या-जुन्या व्होल्टेजमधल्या फरकाला १.६ सारख्या आकड्याने गुणून पुढे ढकलायचं. उपयोग होतो, पण बेतानेच. शंभर बसच्या साखळीत १.६ ने फेऱ्या जेमतेम एक चतुर्थांशावर येतात. तिथे योग्य आकडा १.९७ च्या आसपास असतो, आणि चार बसच्या आपल्या फीडरला १.४५. प्रत्येक नेटवर्कचा आकडा निराळा, आणि तो आधी कळत नाही.

आकार हा एकटाच गुन्हेगार नाही. स्लॅकला १० ॲडमिटन्सच्या लाइनने जोडलेली एक बस घ्या, आणि तिला १०,००० ॲडमिटन्सच्या बस कपलरने चिकटलेली दुसरी. पहिल्या बसच्या समीकरणात दुसरीचं वजन १०,०१० पैकी १०,००० आहे, म्हणून ती दर फेरीला जवळजवळ दुसरीचंच म्हणणं ऐकते, आणि दुसरी पहिलीचं. दोघी एकमेकींकडे बघत बसतात. गुणक निघतो ०.९९९, म्हणजे एका दशांश स्थळाला सुमारे २,३०० फेऱ्या, तेही तीन बसच्या नेटवर्कमध्ये. म्हणून कपलरला 'जवळजवळ शून्य' इम्पीडन्स देण्यापेक्षा दोन्ही बस एकच धरलेल्या बऱ्या. सिरीज कपॅसिटर असलेल्या लाइनवर तर गोष्ट याहून बिघडते: ऋण रिअॅक्टन्समुळे बसचा स्वतःचा ॲडमिटन्स शेजाऱ्यांच्या बेरजेपेक्षा लहान पडू शकतो, आणि मग फेऱ्या सावकाश चालत नाहीत, उधळतात.

यापेक्षाही मला घातक वाटतो तो खोटा शेवट. बहुतेक जण दोन फेऱ्यांमधला व्होल्टेजचा फरक ०.००००१ च्या खाली गेला की थांबतात. गुणक १ च्या अगदी जवळ असेल तर उरलेली चूक शेवटच्या फरकाच्या किती तरी पट असते. शंभर बसच्या साखळीत ती सुमारे ४,००० पट निघते, म्हणजे फरक ०.००००१ दिसत असताना उत्तर ०.०४ ने चुकलेलं असू शकतं. प्रोग्राम म्हणतो जमलं, आणि टोकाचा व्होल्टेज कागदावर छान दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक बसवर पॉवरचा मिसमॅच, म्हणजे ठरलेली पॉवर आणि हिशोबातून आलेली पॉवर यांतला फरक काढा, आणि स्लॅकची पॉवर ही लोड अधिक लॉसेसशी जुळते का ते बघा.

मग १९५६ साली वॉर्ड आणि हेल यांनी संगणकावर लोड फ्लो मांडला तो वायबस घेऊन फेऱ्यांनीच का? मेमरी. वायबसमध्ये हजार बस आणि चौदाशे लाइन असतील तर शून्य नसलेले आकडे ३,८००. झेडबस मात्र गच्च भरलेली, म्हणजे दहा लाख आकडे. कोंडी फुटली ती व्यस्त काढण्याचा नाद सोडल्यावर. मॅट्रिक्स उलटी करायचीच नाही, वायबससारखी विरळ ठेवून एलिमिनेशनने सोडवायची, आणि बस योग्य क्रमाने काढायच्या. एका सबस्टेशनच्या बसला दहा लाइन चिकटल्या असतील आणि ती बस आधी काढली, तर ते दहा शेजारी एकमेकांशी जोडले जाऊन ४५ नव्या जागा भरतात. आधी दहा टोकं काढली तर एकही भरत नाही. म्हणून दर पायरीला सगळ्यात कमी शेजारी असलेली बस आधी. याच क्रमाच्या जोरावर टिनी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये न्यूटनची पद्धत मोठ्या नेटवर्कवर परवडण्याजोगी करून दाखवली.

न्यूटन आणि झेडबस यांच्यातला फरक आपल्याच फीडरवर दिसतो. न्यूटनची पहिली पायरी सपाट सुरुवातीपासून ०.९००० वरच येते, झेडबसएवढीच. पण जेकोबियनमध्ये 'व्होल्टेज घटला तर प्रवाह वाढेल' हेही आधीच धरलेलं असतं, म्हणून दुसरी पायरी ०.८८९७ आणि तिसरी पूर्ण उत्तरावर. सगळ्यात मोठा मिसमॅच ०.५ वरून ०.०५, मग ०.०००६, मग दशलक्षांशाच्याही खाली. बरोबर अंकांची संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते.

त्यामुळे न्यूटन सात-आठ पायऱ्यांत सुटला नाही तर शंभर पायऱ्या देऊन उपयोग नाही. मिसमॅच वरखाली उड्या मारत असेल तर सुरुवातीचे व्होल्टेज किंवा कोन फार लांबचे असतात, अशा वेळी गॉस-सायडलच्या दोन-तीन फेऱ्या आधी देऊन बघाव्यात. ठरावीक पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा तीच जनरेटर बस चुकत असेल तर ती रिअॅक्टिव्ह मर्यादेवर पीव्ही-पीक्यू, म्हणजे कधी व्होल्टेज ठरलेला तर कधी रिअॅक्टिव्ह पॉवर ठरलेली, अशी हेलकावे खात असते. आणि मिसमॅच एका कोपऱ्यातल्या दोन-तीन बसवरच अडून राहत असेल, तर आधी त्या लाइनचा डेटा तपासा. ओहममधला इम्पीडन्स पर युनिट म्हणून भरला गेलेला असतो, नाहीतर ते लोड त्या लाइनला खरोखरच पेलण्यासारखं नसतं, आणि तेव्हा उत्तरच अस्तित्वात नसतं.