थ्रेशोल्ड नक्की कुठे असतो? फिट्झह्यू-नागुमो मॉडेलमध्ये मी जिथे अडकलो ते

हे लिहितोय कारण अजून त्या एका आकृतीचा राग गेलेला नाही. आमच्या इलेक्टिव्हच्या नोट्समध्ये फेज प्लेनचं, म्हणजे मॉडेलची दोन व्हेरिएबल दोन अक्षांवर घेऊन काढलेलं, एक चित्र होतं, आडवी-तिडवी S सारखी एक वक्ररेषा, तिला छेदणारी एक सरळ रेषा, आणि S च्या मधल्या भागाकडे बाण काढून लिहिलेलं, "हा थ्रेशोल्ड", म्हणजे याच्या पलीकडे ढकललं की न्यूरॉन फायर होणार. बस्स. पुढच्या पानावर एकदम स्पाइक, म्हणजे फायर होतानाची व्होल्टेजची उसळी. मधलं काहीच नाही, आणि मी जेव्हा आकडे घालून बघितलं तेव्हा त्या बाणाच्या बऱ्याच पुढे जाऊनही न्यूरॉन फायर होईना.

आधी मॉडेल पटकन सांगतो, हा भाग कुठल्याही पुस्तकात नीट सापडतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड ॲक्सॉनवरून जी समीकरणं दिली त्यात चार व्हेरिएबल आहेत, व्होल्टेज आणि चॅनलची तीन गेट्स. चार मितींमधलं चित्र कागदावर काढता येत नाही. रिचर्ड फिट्झह्यूने १९६१ मध्ये त्याचं दोन व्हेरिएबलचं रूप मांडलं, आणि नागुमो व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये टनेल डायोड वापरून त्याचं खरंखुरं सर्किट बनवलं. v म्हणजे व्होल्टेजसारखं, भराभर बदलणारं. w म्हणजे रिकव्हरी, हळू हळू मागून येणारं आणि v ला खाली ओढणारं. समीकरणं एवढीच, बाहेरून करंट नसताना:

```
dv/dt = v - v^3/3 - w
dw/dt = eps*(v + 0.7 - 0.8*w),   eps = 0.08
```

यातला v मिलिव्होल्टमध्ये नाही हे आधीच डोक्यात पक्कं करा, नाहीतर "-७० कुठे गेले" म्हणून शोधत बसाल.

नलक्लाइन म्हणजे जिथे एका व्हेरिएबलचा वेग शून्य होतो त्या सगळ्या बिंदूंची रेषा. v ची नलक्लाइन `w = v - v^3/3`, ही ती S. तिच्या खाली असाल तर v वाढतो, वर असाल तर घटतो. w ची नलक्लाइन सरळ रेषा, तिच्या उजवीकडे w वाढतो, डावीकडे घटतो. दोघी एकाच ठिकाणी भेटतात, साधारण v = -१.२, w = -०.६२४ ला. हीच विश्रांतीची अवस्था, आणि ती स्थिर आहे, थोडं ढकललं तर परत तिथेच येते. S ला दोन गुडघे आहेत, खालचा v = -१ ला आणि वरचा v = १ ला. त्यांच्या डावीकडची आणि उजवीकडची फांदी उतरती, मधली चढती. चित्र काढताना हे दोन गुडघे आणि तो छेदबिंदू आधी मांडा, मग वक्ररेषा. उलट केलं की छेदबिंदू गुडघ्याच्या चुकीच्या बाजूला जातो, आणि तो मधल्या फांदीवर थोडा आत आला तर या आकड्यांना ते मॉडेल एकदा फायर होऊन थांबत नाही, फायर होतच राहतं.

आता अडकलो ते.

प्रयोग असा. न्यूरॉन विश्रांतीत आहे, एक अगदी क्षणभराचा झटका दिला, v एकदम उजवीकडे सरकला, w तसाच राहिला कारण तो हळू आहे. म्हणजे w = -०.६२४ च्या आडव्या रेषेवर कुठेतरी आपण उभे आहोत. ही आडवी रेषा S ला तीनदा छेदते, डावीकडे विश्रांतीच्या बिंदूपाशी, मध्ये v = -०.७९ ला, आणि उजवीकडे जवळजवळ १.९९ ला. नोट्सचं म्हणणं असं की मधला छेद हाच थ्रेशोल्ड. त्याच्या डावीकडे राहिलात तर परत घरी, उजवीकडे गेलात तर स्पाइक. ऐकायला इतकं सरळ की कोणी प्रश्न विचारत नाही.

मी v = -०.७ पासून सोडलं. -०.७९ च्या चांगलंच उजवीकडे आहे ना? v जरासा पुढे गेला आणि गपचूप परत फिरला. वेळेची स्टेप लहान केली, ०.०१ ची ०.००१ केली, तेच. -०.६५ घेतलं, v साधारण -०.४७ पर्यंत चढून परत. -०.६० घेतलं आणि तेव्हा कुठे पूर्ण स्पाइक, १.७ च्या आसपास टोक. कोड हा आहे, स्वतः चालवून बघा, फक्त पहिला आकडा बदलत राहायचा:

```python
v, w = -0.65, -0.624
eps, dt = 0.08, 0.01
peak = v
for k in range(10000):
    dv = v - v**3/3 - w
    dw = eps*(v + 0.7 - 0.8*w)
    v += dt*dv
    w += dt*dw
    peak = max(peak, v)
print(peak)
```

विचारलं तर उत्तर मिळालं, "न्यूमरिकल एरर असेल". नाही हो, एरर नाही, स्टेप दहापट लहान करून तोच आकडा येतोय! मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली, की खरं उत्तर त्याच चित्रात होतं आणि कोणीतरी दोन मिनिटं बसून वेग मोजायला हवे होते.

ते वेग मोजूया. v = -०.७, w = -०.६२४ ला dv/dt येतो साधारण ०.०३८, बरोबर आहे, धन आहे, v उजवीकडे निघालाय. पण dw/dt बघा, ०.०४०. "w हळू आहे" म्हणतो आपण, पण S च्या इतक्या जवळ v स्वतःच मंद झालेला असतो, आणि तिथे w त्याच्या बरोबरीने पळतो. म्हणजे बिंदू नुसता उजवीकडे जात नाही, वरही चढतोय. आणि वर S उभी आहे. बिंदू S च्या वर गेला की खेळ संपला, dv/dt ऋण, परत घरी.

पण मधली फांदी चढती आहे, म्हणून v उजवीकडे सरकला की डोक्यावरची S पण वर जाते. मग ही शर्यत झाली. S किती वेगाने वर जातेय? तिचा चढ `1 - v^2`, गुणिले dv/dt. -०.७ ला चढ ०.५१, म्हणून S वर जाते साधारण ०.०२० ने आणि w चढतो ०.०४० ने. w दुप्पट वेगाने, S ला गाठणारच. -०.६० ला करा: dv/dt ०.०९६, चढ ०.६४, म्हणून S चढते ०.०६१ ने आणि w ०.०४८ ने. इथे S पुढे, अंतर वाढत जातं, v सुटतो. -०.६५ ला ०.०३८ विरुद्ध ०.०४४, म्हणजे थोडक्यात हार, आणि म्हणूनच तो -०.४७ पर्यंत रेंगाळत जातो आणि मग परततो. हा हिशोब फक्त सुरुवातीच्या क्षणाचा आहे, पुढे वेग बदलत राहतात, त्यामुळे यावरून थ्रेशोल्डचा नेमका आकडा काढायला जाऊ नका, पण कोण जिंकेल याचा अंदाज येतो. मला हे जमलं तेव्हा खरंच उड्या माराव्याशा वाटल्या.

मग नोट्स पूर्ण खोट्या का? तसं नाही. `eps` ०.००८ करा, w दहापट मंद. -०.७ ला S अजूनही ०.०२० ने चढते पण w फक्त ०.००४ ने, आणि आता -०.७ वरून झक्कास स्पाइक येतो. `eps` जितका शून्याकडे, तितका थ्रेशोल्ड मधल्या फांदीला चिकटतो. म्हणजे तो बाण बरोबर आहे, फक्त "w जवळजवळ गोठलेला असेल तर" ही अट लिहायची राहिली होती. एक ओळ!

स्पाइकचा पुढचा प्रवास त्या मानाने सोपा. v सुटला की उजव्या फांदीकडे झेपावतो, तिथे पोचला की S ला धरून वर सरकायला लागतो, कारण आता आपण सरळ रेषेच्या बरेच उजवीकडे आहोत आणि w वाढतोय. वरच्या गुडघ्यापाशी, w = ०.६७ च्या पलीकडे, धरायला फांदीच उरत नाही, म्हणून v उलटा डाव्या फांदीकडे जातो, -१.२ च्याही खाली. मग डाव्या फांदीवरून हळूहळू विश्रांतीकडे. एकच स्पाइक का, तर परतीच्या वाटेवर तो स्थिर बिंदू आहे आणि तिथे गाडी थांबते.

या परतीच्या वाटेवर परत झटका दिला तर काय हे नक्की करून बघा. समजा w अजून ० आहे. डाव्या फांदीवर v असतो -१.७३ ला आणि मधली फांदी ० ला. म्हणजे नुसत्या चित्रावरूनच १.७३ चा झटका लागेल, विश्रांतीत असताना हेच अंतर ०.४१ होतं. स्पाइकनंतर काही वेळ न्यूरॉनला पुन्हा फायर करणं कठीण असतं, तो रिफ्रॅक्टरी काळ म्हणजे काय हे मला व्याख्येपेक्षा या दोन आकड्यांवरून कळलं.

आणि हो, वर सांगायचं राहिलं, -०.६५ आणि -०.६० च्या मध्ये बारीक पावलांनी जाऊन बघा. इथे थ्रेशोल्ड म्हणजे धारदार सीमा नाहीच. दुसरा कुठला अस्थिर समतोल बिंदू नाही जो प्रदेशाचे दोन तुकडे करेल, सगळे मार्ग शेवटी त्याच एका बिंदूकडे येतात. त्यामुळे सुरुवात सलग बदलली तर टोकाची उंचीही सलगच बदलते, फक्त एका अरुंद पट्ट्यात इतकी भराभर की आपल्याला उडी मारल्यासारखी वाटते. त्या पट्ट्यात अर्धवट उंचीचे स्पाइक सापडतात. फिट्झह्यूने याला क्वासी-थ्रेशोल्ड म्हटलं होतं. `eps` वाढवा, पट्टा रुंद होतो, अर्धवट स्पाइक सहज मिळतात. `eps` कमी करा, तो इतका अरुंद होतो की दशांशाची बरीच घरं दिली तरी सहज सापडत नाही. आणि हे फक्त कागदावरचं नाही, १९७० मध्ये कोल, गटमन आणि बेझानिला यांनी स्क्विडच्या ॲक्सॉनचं तापमान वाढवून दाखवलं की स्टिम्युलस वाढवत नेला तसा प्रतिसादही सलग वाढत जातो, "सगळं किंवा काहीच नाही" असं राहत नाही.