फक्त संवादांची कथा : चौथा खर्डा आणि एक ‘आलो’

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं, की बसस्टॉपवरच्या दोन अनोळखी माणसांची कथा दोन आठवड्यांत हातावेगळी होईल. त्याला चार महिने झाले. नियम तेच ठेवलेत. कथेत निवेदन नाही, ‘तो म्हणाला’ नाही, कंसात हालचाल नाही, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोघांचं बोलणं तेवढं. जागा लालबाग, भारतमाताचा स्टॉप. वेळ संध्याकाळची. बस येत नाही आणि समोर गिरणीच्या जागी टॉवर उभा आहे.

पहिल्या खर्ड्यात दोन पुरुष होते, दोघेही जुने गिरणी कामगार. त्यातली सातवी-आठवी ओळ लाज सोडून इथे देतो:

“आज बसला फारच उशीर झाला.”
“हो ना. मी संपापर्यंत या समोरच्याच गिरणीत साचे खात्यात बदली कामगार होतो.”

बसच्या उशिरावर कुणी आपला सर्व्हिस रेकॉर्ड सांगत नाही. ओळखीची माणसं एकमेकांना माहीत असलेलंच वाचकासाठी बोलून दाखवतात, हा दोष आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अनोळखी माणसांत तो उलटा होतो. समोरच्याला खरंच काही माहीत नसतं, म्हणून लेखकाला वाटतं की आता काहीही सांगायला मोकळीक आहे. पण अनोळखी माणसाला आपण जुनं काही सांगतो ते सांगायचं म्हणून नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीचं उत्तर देताना ते निसटतं. म्हणून आता प्रत्येक जुन्या गोष्टीला मी आजची एक क्षुल्लक गरज जोडतो. वरची माहिती चौथ्या खर्ड्यात अशी आली:

“बसा की. जागा आहे.”
“नको. उभं राहायची सवय आहे.”
“कंडक्टर होतात?”
“बदली होतो. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी.”

‘गिरणी’ हा शब्दही नाही. लालबागच्या स्टॉपवर तो लागतच नाही. सालाचंही तेच. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला हे मला माहीत हवं. माझी माणसं मात्र नुसतं ‘संप’ म्हणतील, कारण त्या भागात संप एकच. तो औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही, ही माहिती मी बरेच दिवस कुठे बसवू म्हणून घेऊन फिरत होतो. शेवटी ती “संप संपल्यावर तुम्ही…” “संपला कुठे? कुणी मागे घेतला?” अशी आपणहून बसली.

खरी अडचण दुसरी होती. दोन पुरुष, दोघांचं वय सारखं, दोघेही ‘तुम्ही’ म्हणणारे. कोणाची ओळ कोणती? आठव्या-नवव्या ओळीनंतर वाचक बोटं मोजू लागतो. मी वीस ओळींची प्रिंट काढली, कात्रीने पट्ट्या केल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि बायकोला म्हटलं, दोन गठ्ठे कर. अकरा पट्ट्या चुकीच्या गठ्ठ्यात पडल्या. नाणं उडवलं असतं तरी एवढंच बरोबर आलं असतं. ही चाचणी करून बघा. फुकट आहे आणि निर्दय आहे.

तेव्हा दुसऱ्या खर्ड्यात एकाची बाई केली. यात मराठी फार मदत करते. ‘मी जातो’, ‘मी जाते’, ‘मी बसलो’, ‘मी बसले’. क्रियापदच बोलणाऱ्याचं नाव सांगतं, वेगळी खूण लागत नाही. पण हे दार अर्धंच उघडं आहे. ‘मी पाहिलं’, ‘मी विचारलं’, ‘मी पैसे दिले’ यात बोलणारा दिसतच नाही, क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘मी जाईन’मध्येही दिसत नाही. दुसऱ्या खर्ड्यात सलग चौदा ओळी पाहिलं, दिलं, घेतलं, ऐकलं अशा आल्या होत्या आणि तिथेच पट्ट्यांचा घोळ झाला. आता चार-पाच ओळींत एकदा तरी येणं-जाणं, बसणं, राहणं, घाबरणं असलं क्रियापद पडेल असं बघतो. तेवढं पुरतं. प्रत्येक ओळीत घातलं तर माणसं व्याकरणाच्या पुस्तकातली वाटू लागतात.

तिसऱ्या खर्ड्यात ती बाई कोण हे ठरलं. तिची आई गिरणगावात खाणावळ चालवायची. मुलूख सोडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या हिशोबावर अशा बायकांकडे जेवत. पगार झाला की पैसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. कथेला हे कामाचं होतं. पगार थांबला की जेवणाचे पैसे थांबतात, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. पुरुष कणकवलीकडचा. संपात तीन महिन्यांचं जेवणाचं देणं न देता रात्रीच्या गाडीने गावी निघून गेलेला. हा त्याचा भूतकाळ, आणि तो त्याला सांगायचा नाहीये.

बाईच्या आईला मी कागलची केली आणि खर्डा कोल्हापूरच्या मित्राला पाठवला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : “आमच्याकडची बाई ‘मी आले’ म्हणत नाही, ‘मी आलो’ म्हणते.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कोल्हापूरच्या मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात यावर आपण सगळे हसलेलो आहोत. लिहिताना मात्र डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या खर्ड्यापासून सगळी इमारत त्या ‘ले’ आणि ‘लो’वर उभी, आणि माझी बाई नेमकी अशा मुलखातली जिथे हा फरक मिटतो. दोन दिवस फाइल उघडली नाही. आईला नगरची करून टाकावी, असंही वाटलं.

मग वाटलं, ही बाई लालबागच्या शाळेत शिकली, परक्या पुरुषाशी ती मुंबईची मराठीच बोलेल. ‘आलो’ तिच्या तोंडात येईल ते घरच्यांशी बोलताना. म्हणून तिला मध्येच फोन आणला.

“आलो, आलो. अगं, स्टॉपवरच आहे. ठेव आता.”
“घरून?”
“बहीण. दर दहा मिनिटांनी फोन.”
“तुम्ही ‘आलो’ म्हणालात.”
“म्हणाले का? तिच्याशी बोलताना येतं तोंडात. आईची सवय. आई कागलची.”
“आमची खाणावळवाली बाईपण अशीच. खालून हाक मारली की, आलो रे, आलो, ओरडू नका, भाकरी तव्यावर हाय.”
“कुठे होती?”
“चिंचपोकळीला.”
“आमची करी रोडला.”
“तुमची?”
“आईची. पंधरा माणसं होती जेवायला.”

कथा इथे वळते. एका प्रत्ययावर दोघांचा भूतकाळ उघडतो आणि कुणी कुणाला काही सांगायला बसलेलं नाही. हे जमवताना दोन गोष्टी कळल्या. एक, वाचकाला तो छपाईचा दोष वाटू शकतो. म्हणून त्याआधी तीसेक ओळी ‘आले’, ‘बसले’, ‘राहिले’ न चुकता आले पाहिजेत, चूक दोनदा पडली पाहिजे (‘आलो, आलो’), आणि समोरच्याने ती लगेच पकडली पाहिजे. मी आधी सहा ओळींनंतर पकडायला लावली होती, तर बायकोने पेन्सिलने ‘आलो’ दुरुस्त करून ठेवलं होतं. दुसरी गोष्ट, पुरुषाचीही बोली निसटायला हवी, पण एकदाच. तो फक्त एका जागी ‘खय’ म्हणतो. पूर्ण मालवणीत बोलता केला तेव्हा नाटक झालं.

आणि करी रोड, चिंचपोकळी. तिसऱ्या खर्ड्यात ती खाणावळ एकच होती. याने बुडवले ते हिच्याच आईचे. वाचलेल्या तिघांपैकी दोघांना तो धक्का आवडला, मला नाही. एवढ्या मोठ्या गिरणगावात नेमकी तीच बाई शेजारी येऊन बसली की वाचक बसस्टॉप सोडून लेखकाकडे बघतो. आता खाणावळी दोन आहेत. त्याचं देणं तिच्याकडे फेडता येत नाही आणि तिला त्याच्यावर रागावताही येत नाही. दोघांनाही आपलं माणूस भेटतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी.

शांततेचं काय करायचं, यावर बराच वेळ गेला. निवेदन नाही म्हणजे ‘ती थोडा वेळ गप्प राहिली’ हे लिहिता येत नाही. टिंबांची ओळ टाकून बघितली, पण ती आळशी दिसते. मग चुकीच्या बसेस वापरल्या.

“संपात तुम्ही इथेच?”
“नाही. गावाला गेलो. रात्रीच्या गाडीने.”
“बाईंना सांगून?”
“ही माझी नाही ना?”
“नाही. ही वरळीची.”

उत्तर टाळणं आणि गप्प बसणं दोन्ही एका बसमध्ये निघून जातं. अशा तीन बसेस आहेत. चौथी घातली तेव्हा युक्ती दिसायला लागली, ती काढली. सगळं मिळून मोठ्याने वाचायला अकरा मिनिटं लागतात. आत्ता हे ठीक वाटतंय, कारण स्टॉपवर थांबायची वेळ तेवढीच असायला हवी.

शेवट अजून हलतोय. सध्या असा आहे:

“आईची वही आहे अजून. नावं, आकडे.”
“माझ्या बाईचीपण असेल.”
“असणार.”
“तीन महिन्यांचे होते.”
“आली तुमची.”
“तुमचीपण हीच ना?”
“हीच. तुम्ही चढा. मी मागनं येतो.”

ओळी मोजल्या तर शेवटची ओळ तिची आहे. पहिल्यांदाच परक्याशी ती आईच्या भाषेत बोलते, म्हणून ‘येतो’. पण न मोजता वाचणाऱ्याला ती त्याची वाटते, कारण ‘तो’ पुरुषाचा हे मीच चाळीस ओळी त्याच्या मनात पेरलंय. बायकोने ती पट्टी त्याच्या गठ्ठ्यात टाकली, कोल्हापूरच्या मित्राने तिच्या. मित्राला विचारलं, “शंका आली नाही?” तर म्हणाला, “कसली शंका?”

‘मागनं’च्या जागी एखादा आणखी कागलकडचा शब्द घालून बघणार आहे. जमलं नाही तर ओळ आहे तशीच ठेवेन.